सलाहुद्दीन, तीन अंगठ्या आणि एक वर्तमानकाळी क्रियापद

मार्च ११९३ मध्ये दमिश्कला सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीचा इंतकाल झाला, तेव्हा त्याच्या खजिन्यात सत्तेचाळीस दिरहम आणि सोन्याचे एक नाणे एवढेच शिल्लक होते, अशी नोंद त्याच्या सोबत राहिलेल्या काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद यांनी करून ठेवली आहे. त्यानंतर साधारण दीडशे वर्षांनी, १३४८ च्या प्लेगने फ्लॉरेन्स ओस पाडल्यावर, जोवानी बोकाच्चो हा लेखक 'डेकॅमेरॉन' लिहायला बसला. त्यातल्या पहिल्या दिवसाच्या तिसऱ्या कथेत हाच सलाहुद्दीन येतो, आणि तिथेही त्याचा खजिना रिकामाच आहे. बोकाच्चोच्या हाती इब्न शद्दादचा ग्रंथ असण्याची शक्यता नाही. पण ज्या माणसाने जेरुसलेम ख्रिस्ती राजांकडून घेतले, त्याच्याविषयी आदराने बोलण्याची रीत युरोपात पडली होती. दान्तेने तर त्याला नरकातल्या सर्वांत सौम्य जागी, थोर माणसांच्या मेळ्यात, एका बाजूला एकटा बसवला आहे.

कथा थोडक्यात अशी. सुलतानाला पैशाची निकड आहे. अलेक्झांड्रियात मेल्कीसेदेक नावाचा एक यहुदी सावकार आहे. तो कंजूष आहे, आपण होऊन देणार नाही, आणि सुलतानाला उघड जबरदस्ती करायची नाही. म्हणून तो त्याला बोलावतो, मानाने बसवतो आणि विचारतो की यहुदी, इस्लाम आणि ख्रिस्ती या तिघांपैकी खरा धर्म कोणता. कोणतेही उत्तर दिले तरी माणूस अडकणार. सावकार पेच ओळखतो आणि उत्तराऐवजी एक गोष्ट सांगतो. एका घराण्यात एक मौल्यवान अंगठी होती. ज्या मुलाकडे ती सापडेल तो वारस. पिढ्या गेल्या आणि ती अशा बापाकडे आली ज्याला तिन्ही मुले सारखीच प्रिय होती. त्याने एका चांगल्या कारागिराकडून गुपचूप आणखी दोन अंगठ्या करून घेतल्या, इतक्या हुबेहूब की खरी कोणती हे त्याला स्वतःलाही जेमतेमच कळे. मरताना त्याने तिघांना एकेक दिली. पुढे काय झाले ते आपण शेवटी पाहू, कारण या लेखाचा जीव तिथल्या दोन क्रियापदांत आहे.

ही कथा मराठी मुस्लिम वाचकाला बहुधा इंग्रजीतून किंवा लेसिंगच्या १७७९ सालच्या 'नाथान' या जर्मन नाटकाच्या उल्लेखातून माहीत असते. सर्वधर्मसमभावाच्या भाषणात ती हमखास येते. माझे म्हणणे एवढेच आहे की मूळ इटालियनमधले काळ नीट वाचले तर कथा काही वेगळे सांगते, आणि ते मराठीत आणता येते. किंबहुना काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीत आणि उर्दूत ते जास्त चांगले येते.

आधी काळांची ओळख. इटालियन गद्यात भूतकाळ सांगायला मुख्य तीन रूपे आहेत. एक 'इम्पेर्फेत्तो', म्हणजे चालू असलेली किंवा नेहमी घडणारी गोष्ट. दुसरे 'पास्सातो प्रोस्सिमो', शब्दशः जवळचा भूत. आपल्या 'आला आहे, ऐकले आहे' सारखा. तिसरे 'पास्सातो रेमोतो', शब्दशः दूरचा भूत. घडली आणि पुरी झाली अशी गोष्ट, आपला साधा 'आला, म्हणाला, दिली'. जुन्या कथागद्याचा कणा हा रेमोतो आहे. आज उत्तर इटलीत लोक बोलताना तो जवळजवळ वापरत नाहीत, कालचे आणि दहा वर्षांपूर्वीचे सगळे प्रोस्सिमोतच सांगतात. दक्षिणेत आणि तोस्कानात तो बोलण्यात टिकून आहे. छापील कादंबरीत आणि इतिहासात मात्र तो सगळीकडे आहे.

'दूरचा' या नावाने नवा वाचक फसतो. त्याला वाटते, रेमोतो म्हणजे फार जुनी गोष्ट. आपल्या कथेतच याला उत्तर आहे. मेल्कीसेदेक गोष्ट संपवताना सुलतानाला म्हणतो की आपण जो प्रश्न मांडलात, त्याचे असे आहे. 'मांडलात' साठी तिथे 'प्रोपोनेस्ते' हे रेमोतोचे रूप आहे. प्रश्न विचारून किती वेळ झाला? एक गोष्ट सांगण्याइतका. म्हणजे हा काळ अंतर मोजत नाही. बोलणारा त्या घटनेकडे कसे पाहतो हे तो सांगतो: प्रश्न विचारला गेला, ती क्रिया तिथे पुरी झाली, तिच्यावर आता कडी लागली.

याउलट सुलतान संभाषणाला सुरुवात करतो तेव्हा तुझ्या शहाणपणाविषयी मी अनेकांकडून ऐकले आहे, असे म्हणताना तो 'ओ इन्तेसो' हा प्रोस्सिमो वापरतो. ऐकणे मागे कधीतरी झाले, पण त्याचा परिणाम आत्ता या खोलीत हजर आहे. म्हणून तर प्रश्न विचारायचा आहे. इथे मराठीत 'मी ऐकले' केले तर वाक्य लंगडे होते. 'ऐकले आहे' चालते, आणि 'मी ऐकून आहे' हे तर थेट सुलतानाच्या तोंडी शोभते. जाता जाता, सुलतान सावकाराला 'तू' म्हणतो आणि सावकार सुलतानाला आदराचे अनेकवचन लावून 'माझे स्वामी' म्हणतो. इंग्रजीच्या आजच्या 'यू' मध्ये हे दोन्ही एकच होऊन जाते. मराठीत 'तू' आणि 'आपण' आयते हजर आहेत. निवेदनात मात्र मी 'सुलतान म्हणाला' असे एकवचनच ठेवीन. आपल्याकडे सुलतान 'म्हणाले' असे लिहिण्याची इच्छा होते, पण मूळ निवेदिका फिलोमेना ही गप्पा मारणारी एक तरुणी आहे, दरबारी बखरकार नाही.

आता कथेचे पहिलेच वाक्य घेऊ. ते लांबलचक आहे. बोकाच्चोची वाक्ये लॅटिनच्या घाटावर चढवलेली असतात, आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत वाचकाचा श्वास संपतो. अशा वाक्यात मी आधी फक्त काळ दाखवणारी क्रियापदे वेगळी काढतो आणि बाकीचे तात्पुरते बाजूला ठेवतो. इथे निघतात ती अशी: सलाहुद्दीनच्या शौर्याबद्दल 'फू', त्या शौर्याने त्याला साध्या माणसाचा सुलतान केले यासाठी 'फेचे' या रूपाचा आखूड अवतार, मग पैशाची गरज पडल्यावर एक सावकार आठवला यासाठी 'व्हेन्ने', ही तीन रेमोतो. आणि त्यांच्या शेजारी सावकाराचे नाव अमुक होते यासाठी 'एरा', तो व्याजाने पैसे देई यासाठी 'प्रेस्ताव्हा'. ही दोन इम्पेर्फेत्तो.

'फू' आणि 'एरा' दोन्ही 'असणे' याचीच रूपे. इंग्रजीत दोन्ही 'वॉज'. मराठीतही घाईत दोन्ही 'होते' होऊन बसतात आणि फरक पुसला जातो. पण फरक मोठा आहे. 'एरा' हे रंगमंचावरचे सामान आहे: नाव होते, घर होते, पेठ होती. 'फू' हा निकाल आहे. माणूस जाऊन दीडशे वर्षे झाली, हिशेब बंद झाला, आणि आता मागे वळून सांगता येते की त्याचे शौर्य केवढे भरले. मराठीत यासाठी 'होते' सोडावे लागते. 'त्याचे शौर्य असे ठरले की' किंवा सरळ क्रियापदच काढून 'शौर्य एवढे मोठे की त्याने त्याला सुलतान केले' असे चालते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण 'केले' हा साधा भूतकाळ वाक्याचा भार उचलतो.

'प्रेस्ताव्हा' ला मात्र मराठीत एक देखणा जोडीदार आहे: आपला रीतिभूतकाळ. 'देई, जाई, करी, बसे'. शाळेत आपण तो शिकवतो आणि मुलांना तो फक्त जुन्या कवितांत भेटतो. बोलण्यात आपण 'देत असे' किंवा 'द्यायचा' म्हणतो. पण इम्पेर्फेत्तोची सवय दाखवणारी बाजू 'व्याजाने पैसे देई' यात जशी उतरते तशी इंग्रजीच्या साध्या भूतकाळात उतरत नाही. इंग्रजीत 'लेन्ट' म्हटले की एकदा दिले की नेहमी दिले हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत 'व्याजाने पैसे दिले' असे लिहिणारा अनुवादक इथे सरळ चूक करतो: सावकाराचा धंदा एका व्यवहारापुरता उरतो, आणि सुलतानाला तो का आठवला हेच कळेनासे होते.

याच वाक्यात सलाहुद्दीनला 'बाबिल्लोनियाचा सुलतान' म्हटले आहे. हे इराकमधले बॅबिलोन नव्हे. जुन्या कैरोजवळ बॅबिलोन नावाचा रोमन किल्ला होता आणि मध्ययुगीन युरोप कैरोला त्याच नावाने ओळखे. मराठीत बिनधास्त 'कैरो' लिहावे. त्याने सरासीन आणि ख्रिस्ती, दोन्ही राजांवर विजय मिळवले असेही तिथे आहे, आणि ते इतिहासाला धरून आहे. सलाहुद्दीनच्या आयुष्याची बरीच वर्षे सीरिया आणि उत्तर इराकमधल्या मुस्लिम सत्ताधीशांशी लढण्यात गेली. आपल्याकडच्या भाषणांत हा भाग सहसा गाळला जातो. बोकाच्चोने गाळलेला नाही.

आता अवघड रूपाकडे येऊ: 'त्रापास्सातो रेमोतो'. 'एब्बे' किंवा 'फू' यांच्या पुढे भूतकालवाचक धातुसाधित जोडून ते तयार होते. त्याचे काम फार नेमके आहे. मुख्य वाक्यात रेमोतो असेल आणि त्याच्या लगेच आधी काहीतरी पुरे झालेले दाखवायचे असेल, तर 'जेव्हा, जसे, नंतर, होताच' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात ते येते. आजच्या इटालियनमध्ये ते फक्त लिखाणात, तेही क्वचित दिसते. समजावण्यासाठी मी स्वतः एक वाक्य करतो, बोकाच्चोच्या गोष्टीवरच: 'कोमे इल जुदेओ एब्बे फिनीतो दी पार्लारे, इल सालादीनो ताक्वे.' यहुद्याने बोलणे संपवणे ही पहिली क्रिया, 'एब्बे फिनीतो'. सुलतान गप्प राहणे ही दुसरी, 'ताक्वे'. दोन्ही क्रिया एकाच साखळीतल्या, पाठीला पाठ लावून.

इंग्रजीत पहिल्या क्रियेला 'हॅड फिनिश्ड' येते. आणि इंग्रजीवरून मराठी करणारा मग लिहितो: 'यहुद्याने बोलणे संपवले होते तेव्हा सुलतान गप्प राहिला.' व्याकरण शुद्ध, अर्थ बिघडलेला. 'संपवले होते' मुळे वाटते की बोलणे केव्हाचेच संपले होते आणि मध्ये बराच वेळ गेला. कारण इंग्रजीच्या एकाच 'हॅड' मध्ये इटालियनची दोन वेगळी रूपे कोंबली गेली आहेत. एक हे 'एब्बे फिनीतो', आणि दुसरे 'अव्हेव्हा फिनीतो', जे पार्श्वभूमी सांगते. आपला 'होता-होते' वाला भूतकाळ या दुसऱ्याचा भाऊ आहे. कथेच्या शेवटाकडे सुलतानाला कळते की आपण याच्या पायापुढे फास टाकला होता आणि हा त्यातून सफाईने निसटला. तिथे फास टाकण्यासाठी मूळात 'अव्हेव्हा' चेच रूप आहे आणि मराठीत 'टाकला होता' अगदी बरोबर बसते. पण 'एब्बे' दिसले की 'होते' ला हात लावायचा नाही.

मग काय लिहायचे? इथे उर्दू शिकवण्याचा उपयोग होतो. उर्दूतला किस्सागो म्हणतो, 'जब यहूदी अपनी बात कह चुका तो सुल्तान चुप रहा.' हे 'कह चुका' म्हणजे त्रापास्सातो रेमोतोच समजा: 'जब' ने सुरू होणारे गौण वाक्य, क्रिया पुरी झाल्याची खूण, आणि पाठोपाठ 'तो' नंतर साधा भूतकाळ. जुन्या दास्तानांचे वळण ज्याच्या कानात आहे त्याला हे रूप वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र वर्गात 'कह चुका' चे मराठी करायला दिले की निम्मी मुले 'बोलला होता' लिहितात, म्हणजे इथेही तोच खड्डा आहे. मराठीत 'चुकणे' चा अर्थच वेगळा, पण काम करणारी रूपे तीन-चार आहेत. 'यहुद्याचे बोलून झाले तसा सुलतान गप्प राहिला', 'बोलणे संपल्यावर', 'बोलणे संपताच'. यातले कोणते घ्यायचे ते मूळातला जोडशब्द ठरवतो. 'आप्पेना' असेल तर 'संपताच', 'दोपो के' असेल तर 'संपल्यावर', आणि 'कोमे' असेल तर 'झाले तसा'. तिन्हींत क्रिया पुरी झालेली आहे. बदलते ते फक्त मधल्या वेळाचे माप.

ऊन-प्रत्यय वापरताना एक काळजी घ्यायची. 'बोलून, ऐकून, बसवून' ही रूपे मराठीत इतकी सहज येतात की हात आपोआप तिकडे जातो. पण त्यांत दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. 'गोष्ट सांगून सुलतान गप्प राहिला' असे लिहिले तर गोष्ट सुलतानानेच सांगितली असे होईल. कर्ता बदलत असेल तर 'सांगून झाल्यावर' किंवा 'सांगताच'. कर्ता तोच असेल तर ऊन-प्रत्ययासारखे दुसरे काही नाही, आणि बोकाच्चोला तो विशेष मानवतो. कारण तो स्वतःही पुष्कळदा त्रापास्सातोऐवजी नुसते धातुसाधित ठेवून पुढे जातो. सुलतानाने सावकाराला बोलावणे, आपलेपणाने त्याचे स्वागत करणे, शेजारी बसवणे, या ठिकाणी पहिल्या दोन क्रिया अशाच नुसत्या धातुसाधितांत आहेत आणि फक्त 'बसवले' हे रेमोतो आहे. मराठीत 'बोलावून, आपलेपणाने स्वागत करून शेजारी बसवले': साखळी जशीच्या तशी. इंग्रजी अनुवादकाला इथे 'हॅविंग' घालून वाक्य जड करावे लागते किंवा तीन वाक्ये पाडावी लागतात.

जुन्या गद्यात त्रापास्सातो ओळखताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण 'फू'. 'फू व्हेनूतो' म्हणजे 'तो आल्यावर' यातले रूप; पण 'फू क्यामातो' म्हणजे 'त्याला बोलावले गेले', साधा कर्मणी रेमोतो. दिसायला दोन्ही सारखी: 'फू' आणि पुढे धातुसाधित. ओळखायचे कसे? क्रियापद अकर्मक असेल, येणे-जाणे-पोचणे अशा जातीचे, तर तो त्रापास्सातो. सकर्मक असेल तर कर्मणी. आणि खात्रीसाठी अलीकडे 'जेव्हा' किंवा 'नंतर' सारखा शब्द आहे का पाहायचे. दुसरे ठिकाण म्हणजे मुख्य वाक्यात आलेला 'एब्बे'. आजच्या व्याकरणात तिथे तो बसत नाही, पण जुने लेखक एखादे काम झटक्यात उरकले हे दाखवायला तसा वापरत. 'थोड्या वेळात त्याने सगळे खर्च केले' असे म्हणायचे तर जुना लेखक 'एब्बे स्पेसो' लिहून जाईल. इथे आधी-नंतर काही नाही, फक्त झपाटा आहे, आणि मराठीत त्यासाठी 'खर्चून टाकले' तयार आहे. 'खर्च केले होते' लिहिले की झपाटा गेला.

भाषा जुनी आहे म्हणून मराठीही जुनी करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. 'बोलिला, जाहला, मारिले' असे बखरी वळण देऊन पाहण्याचा मोह मलाही होतो. मी तो टाळतो. बोकाच्चोच्या काळी रेमोतो ही फ्लॉरेन्सच्या बाजारातली रोजची भाषा होती. तिला आज जो पुस्तकी वास येतो तो नंतरचा आहे: १५२५ मध्ये पिएत्रो बेम्बोने गद्यासाठी बोकाच्चोलाच नमुना ठरवले, आणि मग शतकानुशतके इटालियन लेखक त्याच्यासारखे लिहायला शिकले. 'जाहला' घातले तर आपण बेम्बोच्या शिष्यांचा अनुवाद करू, बोकाच्चोचा नव्हे. जॉन पेनने १८८६ मध्ये इंग्रजीत मुद्दाम जुनाट शब्दांची नक्षी केली. मॅकविल्यमने १९७२ मध्ये पेंग्विनसाठी ती काढून आजची इंग्रजी वापरली. माझा कौल मॅकविल्यमच्या बाजूला आहे.

आता तीन अंगठ्यांच्या गोष्टीकडे परत. ती सगळी रेमोतोत चालते. एकदा काय घडले, मग काय घडले. बापाने दोन नकला करून घेतल्या, हेही रेमोतो: एकदा, ठरवून. हा तपशील सौम्य अनुवादांत विरघळतो. गोष्टीत तिन्ही अंगठ्या खऱ्या नाहीत. एक खरी आहे आणि दोन नकला आहेत. फक्त ती कोणती हे मुलांना ठरवता येत नाही. मेल्कीसेदेक 'सगळे धर्म सारखेच' असे म्हणत नाही. म्हणून आपल्यातले काही जण या कथेवर जो आक्षेप घेतात, की ती सत्यच नाकारते, तो मला टिकणारा वाटत नाही. आणि जे तिला 'सगळे सारखेच' च्या बाजूने उभे करतात, त्यांनाही ती साथ देत नाही.

बाप वारल्यावर तिघेही हक्क सांगतात, तिघेही अंगठी पुढे करतात, आणि खरा वारस कोण हा प्रश्न तसाच राहतो. 'राहिला' साठी मूळात 'रिमाझे', रेमोतो. आतापर्यंतच्या सगळ्या क्रियापदांसारखे बंद. आणि त्याला जोडूनच, श्वासही न घेता, 'पेन्दे': लटकतो आहे. वर्तमानकाळ. अख्ख्या गोष्टीत घटना भूतकाळात घडल्या आणि शेवटच्या पावलावर बोलणारा अचानक आजमध्ये येतो. गोष्टीतले भाऊ केव्हाच मेले असतील, पण खटला अजून उभा आहे. त्यानंतर मेल्कीसेदेक सुलतानाकडे वळून तीन धर्मांचे सांगतो, आणि तिथे पुन्हा तेच 'पेन्दे' येते. पहिल्या 'पेन्दे' ने दार उघडले नसते तर दुसरे आगंतुक वाटले असते.

अनुवादक इथे काळ एकसारखे करण्याच्या शिस्तीपायी घात करतो. सगळे भूतात आहे म्हणून हेही भूतात: 'प्रश्न अनिर्णित राहिला.' दोनाचे एक क्रियापद झाले. झाले काय, की वाद त्या तीन भावांचा उरला आणि ऐकणारा सुलतान सुटला. वाचकही सुटला. मूळात कोणी सुटत नाही. मराठीत दोन्ही क्रियापदे वेगळी ठेवावी लागतात: 'राहिला' आणि मग 'अजून आहे'.

'पेन्दे' साठी शब्द निवडताना वाक्यातली बाकीची माणसे पाहावीत. 'वारस' आहे, 'हक्क' आहे, 'प्रश्न' हा शब्द मूळात वादविषय या अर्थाने आहे. आणि ज्याला आपण धर्म म्हणतो त्यासाठी सुलतान आणि सावकार दोघेही 'लेज्जे', म्हणजे कायदा, हा शब्द वापरतात; आपल्या 'शरीअत' ला किंवा यहुद्यांच्या 'तोरा' ला जवळचा. सगळी हवा वारसाहक्काच्या दाव्याची आहे. म्हणून 'लोंबकळतो आहे' किंवा 'अधांतरी आहे' यापेक्षा कोर्टातला 'प्रलंबित' बरोबर. त्यातही लटकण्याचेच मूळ आहे, आणि तालुक्याच्या कचेरीत एकदा चक्कर टाकलेल्या कुणालाही तो समजतो. उर्दूत 'मुअल्लक': तोच लटकण्याचा अर्थ, तीच कचेरी. इंग्रजीत 'पेंडिंग' आहे, आणि तो तर याच लॅटिन मुळाचा शब्द आहे. 'अनडिसाइडेड' वर समाधान मानण्याचे कारण नाही.

बोकाच्चोच्या आधीही ही गोष्ट इटालियनमध्ये होती. तेराव्या शतकाच्या अखेरच्या 'नोव्हेल्लीनो' या कथासंग्रहात सुलतान आहे, पैशाची गरज आहे, यहुदी आणि अंगठ्याही आहेत. सुलतानाला नाव नाही. नाव बोकाच्चोने दिले, आणि तेव्हापासून ही गोष्ट सलाहुद्दीनची झाली.

शेवटी सुलतान आपली गरज उघड सांगतो, आपल्या मनात काय होते तेही सांगून टाकतो. सावकार मागेल तेवढे देतो, सुलतान ते पुरेपूर फेडतो, वर मोठ्या भेटी देतो. 'दिले, फेडले, भेट दिल्या', एकामागून एक रेमोतो. आणि मग पुन्हा 'एब्बे', पण या वेळी सहायक नव्हे. पुढे धातुसाधित नाही. 'त्याला कायम मित्र म्हणून ठेवले' यातले पूर्ण क्रियापद. 'कायम' आहे म्हणून इम्पेर्फेत्तो हवा असे वाटते, आणि मराठीतही 'मित्र मानत असे' लिहावेसे वाटते. बोकाच्चोने तसे केलेले नाही. 'मानत असे' ने मैत्री एक सवय होते, कधीतरी थांबली असेल अशी फट राहते. रेमोतोत ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसंध आहे: 'त्याला कायम आपला मित्र मानले, आणि स्वतःजवळ मानाने ठेवले.'